'लुटलं' की 'सापडलं'?

ऑगस्ट २००५. कतरिना वादळानं अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर पाण्यात गेलेलं. दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रं जगभर पोचली. दोन्हींत छातीभर पाण्यातून सामान नेणारी माणसं. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखालची ओळ म्हणत होती, त्यानं किराणा दुकान 'लुटलं'. गोऱ्या दोघांना मात्र पाव आणि सोडा 'सापडला' होता! लोक खवळले.

पहिल्या संस्थेचा खुलासा असा, की छायाचित्रकारानं तरुणाला दुकानात शिरून सामान घेताना पाहिलं. दुसरा छायाचित्रकार म्हणाला, वस्तू पाण्यावर तरंगत होत्या. दोघंही खरं बोलत असतील. पण मग डोळ्यांनी पाहिलं तेवढंच का लिहू नये? 'न्यू ऑर्लिन्स, ३० ऑगस्ट: किराणा दुकानातून सामान घेऊन पाण्यातून जाणारा तरुण.' नाव विचारलं नसेल, तर 'तरुण' पुरे. पुढं संदर्भाचं एकच वाक्य: 'वादळात बांध फुटून शहरात पाणी शिरलं.' आणि दुसऱ्या चित्राखाली? 'तरंगणारं सामान उचलून नेणारे दोघे.' आता दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचा. फरक उरतो तो दुकान आणि पाणी एवढाच. चोर कोण, हे वाचकानं ठरवावं.