टेंडर हुकलं, तर विकलेले डॉलर आणायचे कुठून?

मे २०१३च्या सुरुवातीला डॉलरला साधारण ५४ रुपये पडत होते. २८ ऑगस्टला तोच दर ६८.८५ वर गेला. मे महिन्यात फॉरवर्ड करून डॉलर विकून ठेवलेल्या ज्या निर्यातदाराकडे पक्की ऑर्डर होती, त्याला फार तर चुटपुट लागली असेल. पण ज्याने न मिळालेल्या ऑर्डरच्या भरवशावर डॉलर विकले आणि पुढे ऑर्डर हुकली, त्याला डॉलरमागे तेरा-चौदा रुपये पदरचे घालावे लागले असते.

फॉरवर्ड म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दराने डॉलर देण्याचा बँकेशी केलेला करार. त्याला आगाऊ पैसे लागत नाहीत, म्हणून तो फुकट वाटतो. पण तो दोन्ही बाजूंना बांधतो. परदेशी ग्राहकाने पैसे दिले नाहीत, ही बँकेची अडचण नसते.

चाकणच्या एका पंप कारखानदाराचं उदाहरण घेऊ. त्याने केनियातल्या पाणीपुरवठा योजनेसाठी १० लाख डॉलरचं टेंडर भरलं आहे. निकाल दोन महिन्यांनी, पैसे सहा महिन्यांनी. समजा, आजचा दर ८५ रुपये आहे आणि सहा महिन्यांचा फॉरवर्ड ८६ ला मिळतो. त्याच ८६ च्या दराने डॉलर विकण्याचा हक्क देणारा पुट ऑप्शन घ्यायचा, तर डॉलरमागे १ रुपया २० पैसे प्रीमियम, म्हणजे एकूण १२ लाख रुपये आजच मोजावे लागतात. विकायचं की नाही, ते त्याच्या मर्जीवर.

टेंडर मिळालं, असं धरू. फॉरवर्ड असेल तर सहा महिन्यांनी बाजारात काहीही दर असो, हाती ८ कोटी ६० लाख येतात. डॉलर ८२ वर उतरला तर ऑप्शनवाला आपला हक्क वापरतो आणि प्रीमियम वजा जाता त्याला ८ कोटी ४८ लाख मिळतात. दर ८६ असला तरी तेवढेच. डॉलर ९१ वर गेला, तर तो ऑप्शन सोडून देतो, बाजारात विकतो आणि ८ कोटी ९८ लाख घेऊन बाहेर पडतो. दर ८७ रुपये २० पैशांच्या वर गेला तरच ऑप्शन फॉरवर्डला मागे टाकतो. ऑर्डर पक्की असेल, तर बहुतेक कारखानदार फॉरवर्ड निवडतात, आणि ते रास्तच आहे.

आता टेंडर हुकलं असं समजा. खरा फरक इथे पडतो. दर ९१ झाला, तर फॉरवर्डवाल्याला बाजारातून ९१ ने डॉलर घेऊन बँकेला ८६ ने द्यावे लागतात, किंवा तेवढाच फरक भरून करार रद्द करावा लागतो. एकही पंप न विकता ५० लाखांचा खड्डा! ऑप्शनवाल्याचे १२ लाख जातात, त्याहून एक पैसाही जास्त नाही.

डॉलर ८२ वर आला, तर कागदावर फॉरवर्डमध्ये ४० लाखांचा नफा दिसतो आणि ऑप्शनमध्ये प्रीमियम वजा जाता २८ लाखांचा. पण त्यावर डोळा ठेवून चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या निर्देशांनुसार, अपेक्षित पण अद्याप पक्क्या न झालेल्या व्यवहारासाठी केलेल्या करारातला निव्वळ नफा प्रत्यक्ष पैसे आल्यावरच ग्राहकाला द्यायचा. व्यवहारच झाला नाही, तर तो अपवाद म्हणूनच मिळतो. तोटा मात्र भरावाच लागतो. म्हणजे अनिश्चित रकमेवर फॉरवर्ड करणाऱ्याच्या वाट्याला जोखमीची फक्त वाईट बाजू उरते.

१२ लाख वाचवायला काही जण बँकेने सुचवलेला 'शून्य खर्चाचा' पर्याय घेतात. त्यात पुट विकत घेताना त्याच रकमेचा कॉल बँकेला विकायचा असतो. ऑर्डर हाती असताना हे ठीक. टेंडर हुकलं आणि डॉलर चढला, तर विकलेला कॉल फॉरवर्डसारखाच गळ्यात पडतो. ज्या धोक्यासाठी ऑप्शन घेतला, तोच मागच्या दाराने परत येतो. टेंडर भरणाऱ्याने हा पर्याय घेऊ नये. त्यापेक्षा १२ लाखांचा प्रीमियम टेंडरच्या किमतीतच धरावा. तो धरून भाव स्पर्धेत टिकत नसेल, तर मुळात त्या टेंडरमध्ये नफाच फार बारीक आहे हे निदान वेळीच कळतं.

शिवाय ऑप्शन सहा महिने सांभाळायलाच हवा असंही नाही. दोन महिन्यांनी टेंडर हुकल्याचं कळलं, तर उरलेल्या चार महिन्यांची किंमत शिल्लक असते. बँकेला ऑप्शन परत विकून प्रीमियमचा काही भाग सोडवता येतो. टेंडर मिळालं, तर रक्कम पक्की झाली. मग ऑप्शन विकून त्या दिवशीच्या दराने फॉरवर्ड करावा. मधल्या काळात डॉलर उतरला असेल, तर फॉरवर्डचा दर कमी मिळेल, पण ऑप्शनला जास्त भाव येईल. निकालाची तारीख लांबली, तर मात्र ऑप्शनची मुदत आधीच संपू शकते, म्हणून टेंडरच्या वैधतेची शेवटची तारीख बघूनच मुदत ठरवावी.