कॉलिन जॅक्सनच्या मांडीतले २४ टक्के

कॉलिन जॅक्सन हा वेल्सचा अडथळा शर्यतींचा धावपटू. १९९३ मध्ये स्टुटगार्टला त्याने ११० मीटरची अडथळा शर्यत १२.९१ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. पुढच्या वर्षी इनडोअर ६० मीटर अडथळा शर्यतीचा विक्रम त्याने ७.३० सेकंदांवर आणला आणि तो मोडायला २०२१ साल उजाडावं लागलं. निवृत्तीनंतर त्याने आपल्या मांडीच्या स्नायूचा नमुना शास्त्रज्ञांना तपासायला दिला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत त्याचे सुमारे ७१ टक्के तंतू वेगवान निघाले. त्यातही एकूण तंतूंपैकी २४ टक्के ‘टू-एक्स’ म्हणजे सर्वांत वेगवान जातीचे होते. तुमच्या-माझ्या मांडीत असे शुद्ध टू-एक्स तंतू बहुधा थोडेच सापडतील.

हा २४ चा आकडा खूप गाजला. त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी तंतू एकमेकांपासून वेगळे कशामुळे होतात ते पाहावं लागेल.

अकरावीच्या जीवशास्त्रात लाल आणि पांढरे असे दोन प्रकार आपण शिकतो. कोंबडीची तंगडी काळपट आणि छातीचं मांस पांढरं, हा त्याचाच पुरावा. पण माणसाच्या स्नायूत हा रंगाचा हिशेब पुरत नाही, कारण मध्ये ‘टू-ए’ नावाची एक जात आहे. ती वेगवान आहे, पण तिच्यात तंतुकणिकाही भरपूर असतात, त्यामुळे ती बरीच लालसर दिसते. म्हणून प्रयोगशाळेत रंगापेक्षा तंतूतलं मायोसिन कोणत्या प्रकारचं आहे ते पाहतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जागा बधिर करून पोकळ सुईने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, तो लगेच गोठवतात आणि मग त्यातला एकेक तंतू सुटा करून तपासतात.

खरी मेख या मायोसिनमध्येच आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा मायोसिनचं डोकं ॲक्टिनला धरतं, ओढतं आणि सोडतं. प्रत्येक फेरीला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. वेगवान तंतूतलं डोकं पटकन सोडतं आणि पुढची पकड घेतं. साहजिकच तंतू झपाट्याने आखडतो, पण एटीपीही झपाट्याने संपतं. संथ तंतूतलं डोकं पकड रेंगाळत सोडतं. त्याचा वेग कमी पडतो, पण तेवढाच ताण धरून ठेवायला त्याला खर्च फार थोडा येतो. म्हणजे वेग आणि काटकसर एकाच रेणूच्या एकाच गुणावर ठरतात, आणि म्हणूनच एका तंतूला दोन्ही एकदम जमत नाहीत. तंतुकणिका, केशवाहिन्या, मायोग्लोबिन ही बाकीची व्यवस्था बरीचशी या स्वभावाला साजेशी असते. संथ तंतूला तासन्‌तास ऑक्सिजन हवा असतो. टू-एक्सला मात्र काही सेकंदांची क्रिएटिन फॉस्फेटची आणि त्यामागोमाग ग्लायकोजेनची रोकड पुरते.

आता हे धावण्याला लावून पाहू. पूर्ण वेगात धावणाऱ्या अव्वल धावपटूचा पाय जमिनीला सुमारे ०.१ सेकंद टेकतो. जो काही जोर लावायचा तो तेवढ्यात. एका चेतासंदेशानंतर संथ तंतूचा ताण शिगेला पोचायलाच साधारण ०.१ सेकंद लागतो. वेगवान तंतूचं काम जवळपास निम्म्या वेळात होतं. संथ तंतूंनी जोर धरेपर्यंत पाय उचललेलाही असतो! जॅक्सनच्या मांडीतली ७१ टक्के ही रचना तिथे कामी येते. दहा हजार मीटरच्या शर्यतीत मात्र तीच रचना महागात पडते, कारण दर पावलाला जास्त एटीपी जातं आणि ग्लायकोजेन लवकर आटतं.

याचा अर्थ स्प्रिंटमध्ये संथ तंतू विश्रांती घेतात असा नाही. बऱ्याच प्रशिक्षकांच्या तोंडीही हा गैरसमज असतो. तंतूंच्या गटाला एक चेतापेशी चालवते आणि आकाराने लहान चेतापेशी आधी जागी होते. एलवूड हेनमन यांनी दाखवलेला हा क्रम सहसा उलटत नाही. हळू जॉगिंग करताना लहान चेतापेशींचे संथ तंतू पुरतात. वेग वाढला की टू-ए कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी टू-एक्स. स्प्रिंटमध्ये ही सगळी हजेरी क्षणार्धात लागते, एवढाच फरक. म्हणूनच लांब पल्ल्याच्या धावपटूलाही टू-ए तंतू लागतात. बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला आहे. दमलेल्या पायांनी शेवटच्या फेरीत पाण्याचा अडथळा पार करायचा तर नुसत्या संथ तंतूंवर कुणाचंच भागत नाही.

आता पुन्हा त्या २४ टक्क्यांकडे येऊ. जॅक्सनचा नमुना निवृत्तीनंतर घेतलेला होता, आणि ही बाब किरकोळ नाही. कोपनहेगनमध्ये जेस्पर अँडरसन आणि पेर आगॉर यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांकडून त्यांनी तीन महिने जड वजनांचा व्यायाम करून घेतला. तेव्हा त्यांच्यातलं टू-एक्स मायोसिन ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. व्यायाम बंद करून तीन महिन्यांनी पाहिलं तर ते १७ टक्के, म्हणजे सुरुवातीच्या जवळपास दुप्पट! नियमित व्यायामाने टू-एक्स तंतू टू-ए होतात आणि आराम मिळाला की परततात, तेही मूळ संख्येला मागे टाकून.

त्यामुळे ऐन भरात असताना जॅक्सनच्या मांडीत नेमके किती टू-एक्स होते, हे त्या आकड्यावरून काढता येत नाही. बहुधा कमीच असतील. पण म्हणून तपासणी वाया गेली असं नाही. सुट्या तंतूची ताकद मोजली तेव्हा त्याच्या टू-एक्स तंतूंची शक्ती त्याच्याच टू-ए तंतूंच्या सुमारे दुप्पट भरली. शिवाय एकूण वेगवान तंतूंचं प्रमाण टू-ए आणि टू-एक्स यांच्यातल्या अदलाबदलीने बदलत नाही.

मग संथाचं वेगवान होतं का? इथे शरीर फारसं ऐकत नाही. १९६० मध्ये बुलर आणि एकल्स यांनी मांजराच्या वेगवान आणि संथ स्नायूंच्या चेतांची अदलाबदल केली, तेव्हा स्नायूंचा वेगही बराचसा बदलला. म्हणजे तंतूचा स्वभाव मोठ्या प्रमाणात त्याला मिळणाऱ्या संदेशावर ठरतो. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणं हा तसाच अखंड चालणारा संदेश. तीस वर्षं धावणाऱ्या आणि न धावणाऱ्या दोन एकसारख्या जुळ्या भावांची तपासणी झाली, तेव्हा धावणाऱ्या भावात संथ तंतू कितीतरी जास्त सापडले. सरावाने संथपणाकडे जाता येतं, तेही दशकांच्या हिशेबाने. मूळच्या संथ तंतूंना सरावाने मोठ्या संख्येने वेगवान केल्याचा तसा भक्कम पुरावा मात्र नाही.

हल्ली लाळ तपासून ‘मूल स्प्रिंटर की मॅरेथॉनपटू’ ते सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यात बहुधा एसीटीएन-थ्री हे जनुक पाहतात. ते वेगवान तंतूंतलं एक प्रथिन बनवतं आणि अव्वल स्प्रिंटर्समध्ये त्याची निदान एक चालू प्रत बहुतेकदा सापडते. पण जगातल्या बहुसंख्य माणसांकडेही ती असते, त्यामुळे अहवालात ‘स्प्रिंटर’ असं आलं तरी निवडीला त्याचा उपयोग जवळपास शून्य. त्या पैशांत स्पाइक्स घ्या, महिन्यातून एकदा ६० मीटर आणि १५०० मीटरची वेळ लावा आणि दोन्ही आकडे वर्षभर वहीत लिहून ठेवा. कोणती शर्यत धरायची ते त्यावरून ठरवा.