ब्लूटूथ चालू, पण बॅटरी खातंय कोण?

फोनची बॅटरी दुपारीच उतरली की पहिला आळ ब्लूटूथवर येतो. ‘उगाच चालू ठेवतोस, बंद कर ते’ असं कुणीतरी म्हणतंच. ब्लूटूथ वीज खातं हे खरं आहे, पण किती, याचा हिशेब मांडून पाहिला की निम्मी भीती जाते.

आधी सगळ्यात साधी अवस्था घेऊ. ब्लूटूथ चालू आहे, पण ना हेडफोन जोडलेला, ना घड्याळ. अशा वेळी फोन सतत काही बोलत नसतो. एखादं ओळखीचं उपकरण आपल्याला हाक मारतंय का, हे तो मधूनमधून कान देऊन ऐकतो आणि पुन्हा झोपतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये हे ऐकणं सर्वसाधारणपणे दर १.२८ सेकंदाला एकदा आणि तेही फक्त ११.२५ मिलिसेकंद चालतं. दिवसाच्या चोवीस तासांत ते सगळं मिळून जेमतेम तेरा मिनिटं भरतं.

ऐकताना रेडिओला ५० मिलिवॅट लागतात असं धरू. चिपनुसार हा आकडा कमीजास्त होईल. तेरा मिनिटांचे झाले सुमारे ११ मिलिवॅट-तास. आता ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९,००० मिलिवॅट-तास साठलेले असतात. म्हणजे दिवसभराचा खर्च एका टक्क्याच्या विसाव्या भागाच्या आसपास. रेडिओ उठवण्या-झोपवण्याचा खर्च धरून हा आकडा पाचपट केला, तरी तो पाव टक्क्याच्या आसपासच राहतो. पडद्यावर दिसणारा एक टक्काही यातून हलत नाही.

मग ब्लूटूथ चालू असताना बॅटरी खरोखरच लवकर उतरते, हा अनेकांचा अनुभव खोटा का? नाही. फरक पडतो तो रेडिओकडून कोण काम करवून घेतंय यावर. आजूबाजूला कोणकोणती उपकरणं आहेत हे शोधायला, म्हणजे ‘स्कॅन’ करायला, एखादं ॲप रेडिओला सांगू शकतं. अँड्रॉइडमध्ये याच्या वेगवेगळ्या पातळ्या आहेत. काटकसरीच्या पातळीत रेडिओ दहातला एक भाग वेळ ऐकतो, तर सर्वांत घाईच्या पातळीत अखंड ऐकत राहतो. वरचाच हिशेब इथे लावा: ५० मिलिवॅट, चोवीस तास, म्हणजे १२०० मिलिवॅट-तास. बॅटरीचा सहा टक्क्यांहून जास्त भाग! आणि हा झाला नुसत्या रेडिओचा खर्च. गर्दीच्या लोकल डब्यात डझनावारी घड्याळं आणि इअरबड आपापली ओळख प्रसारित करत असतात. त्यांचा प्रत्येक संदेश ॲपपर्यंत पोचवायचा तर झोपलेला प्रोसेसर पुन्हा पुन्हा उठवावा लागतो, आणि खरी झीज तिथे होते. म्हणूनच अँड्रॉइड ८.१ पासून, नेमकं कोणतं उपकरण हवं ते न सांगता चालवलेलं स्कॅन पडदा बंद होताच थांबवलं जातं.

गाणी ऐकणं हा वेगळा मामला. तिथे रेडिओ सतत पाठवत असतो, फोन आवाज दाबून छोटा करत असतो, आणि फोन मागच्या खिशात असेल तर मध्ये शरीर आल्याने हरवलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागतात. हा खर्च ऐकण्याचा आहे. चालू ठेवलेल्या बटणाच्या माथी तो मारू नये. मनगटावरचं घड्याळ मात्र त्या मानाने मितव्ययी असतं, कारण २०१० साली आलेलं ‘लो एनर्जी’ ब्लूटूथ छोटे निरोप देऊन मधल्या वेळात झोपण्यासाठीच रचलेलं आहे.

आपल्या फोनमध्ये काय चाललंय, हे घरीच तपासता येतं. रात्री झोपताना फोन विमान मोडवर टाका, त्यात फक्त ब्लूटूथ चालू करा आणि सकाळी किती टक्के उतरले ते पाहा. दुसऱ्या रात्री ब्लूटूथही बंद ठेवून तेच करा. दोन्ही रात्री जोडलेली उपकरणं दूर ठेवा. फरक एखाद्या टक्क्याचा असेल तर विषय मिटला, कारण तेवढी चूक फोनच्या मोजणीतही असते. पाच-सहा टक्क्यांचा निघाला, तर बॅटरीच्या सेटिंगमधली ॲपवार यादी उघडून पार्श्वभूमीवर जास्त वेळ चाललेलं ॲप शोधा. ती यादी वाचताना एक फसगत होते. तिथला आकडा पुष्कळदा संपलेल्या विजेतला वाटा असतो, पूर्ण बॅटरीतला नव्हे. रात्रभरात चारच टक्के उतरले आणि एका ॲपसमोर ५० टक्के दिसले, तर त्याने खाल्ले फक्त दोन टक्के.

बॅटरीपलीकडे एक कारण उरतं, ते सुरक्षेचं. २०१७ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूबोर्न’ त्रुटींमुळे ब्लूटूथ नुसतं चालू असलेल्या फोनवर, कुठलीही जोडणी न करता हल्ला करणं शक्य होतं. त्या दुरुस्त झाल्या, पण ज्या जुन्या फोनला आता अपडेटच येत नाहीत, त्यावर गरज नसताना ब्लूटूथ बंद ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

आणि बंद करायचंच तर ते खरंच बंद झालं का, हेही बघा. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं बटण दाबल्यावर उपकरणं फक्त तुटतात आणि पहाटे पाचला जोडणी पुन्हा सुरू होते. पूर्ण बंद करायला सेटिंगमध्ये जावं लागतं. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंगखाली Bluetooth scanning नावाचा वेगळा पर्याय असतो. तो चालू असेल तर ब्लूटूथचं बटण बंद असतानाही ॲप्स स्कॅन करू शकतात.