टेम्पर म्हणजे फोडणी, पण प्रत्येक वेळी नाही

मागच्या वेळी मापांबद्दल बोललो, आज क्रियापदं घेऊ. इंग्रजी पाककृती मराठीत आणताना सगळ्यात जास्त फसवतो तो ‘टेम्पर’ हा शब्द.

भारतीय पाककृतीत हा शब्द दिसला की तिथे फोडणीच असते. पण आपली भाषा इथे जास्त नेमकी आहे. ‘फोडणीला टाका’ म्हटलं की आधी तेल, मोहरी, हिंग, हळद आणि त्यावर भाजी. ‘वरून फोडणी घाला’ म्हटलं की कोशिंबीर आधी तयार, फोडणी शेवटी. नुसत्या ‘टेम्पर’वरून हा क्रम कळत नाही, तो पुढच्या ओळी वाचून ठरवावा लागतो.

आता कस्टर्डची पाककृती घ्या. अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचे बलक, साखर. त्यात लिहिलेलं असतं, अंडी टेम्पर करा. इथे फोडणी लिहिली तर वाचणारी बाई तेल तापवायला ठेवेल! इथला अर्थ आहे, अंड्याला हळूहळू उष्णतेची सवय करणं. बलक साधारण ६५ ते ७० अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि दूध तर उकळीच्या जवळ आलेलं असतं. बलक थेट त्यात ओतले तर जागच्या जागी शिजतात आणि दुधात पिवळ्या गुठळ्या दिसतात. गाळून गुठळ्या निघतील, पण शिजून गेलेलं अंडं दूध दाट करणार नाही, कस्टर्ड पातळच राहील. म्हणून उलट करायचं. बलक साखरेबरोबर फेटायचे, त्यात एक पळी गरम दूध बारीक धारेनं घालत फेटत राहायचं, मग दुसरी पळी. वाडगं बाहेरून चांगलं कोमट लागलं, की हे मिश्रण पातेल्यात ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं.

ही युक्ती आपल्याकडे नाही असं नाही. गरम रश्शात दही घालायचं असलं की घुसळलेल्या दह्यात आधी दोन चमचे रस्सा मिसळतात, दही फुटू नये म्हणून. कृती आहे, पण तिला एका शब्दाचं नाव नाही. आमच्या मते इथे नवा शब्द घडवू नये, ‘गरम दूध थोडं थोडं घालून फेटा’ असं सरळ लिहावं.

‘ब्लांच’चंही तेच. त्याला उकडणं म्हटलं की पालकाचा लगदा होतो. ‘उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात टाका’, एवढं पुरतं. गार पाणी सांगायला मात्र विसरू नये, नाहीतर पान आतल्या उष्णतेनं शिजतच राहतं आणि हिरवा रंग काळपटतो.

‘फोल्ड’ला जवळचं काही हवं असेल तर पोहे आठवा. कण मोडू नयेत म्हणून उलथनं कडेनं खाली घालून आपण पोहे वर आणतो. फेटलेल्या अंड्यातली हवा टिकवायची, तर हात तसाच चालवायचा.