बांधकाम प्रकल्पांतील विलंबाचे दावे

बांधकामाच्या करारात ठरलेल्या मुदतीत काम पूर्ण न झाल्यास वाढीव वेळ किंवा पैसा मिळावा म्हणून कंत्राटदाराने, अथवा नुकसान भरून मिळावे म्हणून काम देणाऱ्याने केलेल्या मागणीस विलंबाचा दावा म्हणतात. अशा दाव्याचा निर्णय करताना वाया गेलेल्या दिवसांची क्षम्य आणि अक्षम्य अशी विभागणी करावी लागते.

## क्षम्य व अक्षम्य विलंब

ज्या कारणाची जोखीम करारानुसार कंत्राटदारावर नाही, त्या कारणाने झालेला विलंब क्षम्य होय. त्यासाठी मुदतवाढ मिळते. क्षम्य विलंबाचे दोन पोटप्रकार आहेत. जागेचा ताबा किंवा नकाशे उशिरा देणे अशा काम देणाऱ्याच्या कारणाने विलंब झाला, तर करार आड येत नसल्यास वेळेबरोबर भरपाईही मागता येते. असाधारण पूर किंवा प्रशासकीय बंदी अशा त्रयस्थ कारणासाठी मात्र सामान्यतः केवळ वेळ मिळतो. मजूर न जमणे, यंत्र बिघडणे, साहित्य वेळेवर न आणणे ही कंत्राटदाराच्या हातातली कारणे अक्षम्य ठरतात.

हा भेद करताना घटना आधी ओळखता येण्याजोगी होती का, हे पाहिले जाते. गडचिरोली जिल्ह्यात पावसाळा दरवर्षी येतो; त्यामुळे नेहमीचा पाऊस ही सबब सहसा चालत नाही. तेंदूपाने तोडण्याचा हंगाम साधारणपणे मे महिन्यात असतो आणि त्या काळात मजूर बांधकाम सोडून जंगलात जातात. हेही अनुभवी कंत्राटदारास ठाऊक असणे अपेक्षित आहे. याउलट, १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार वनजमीन इतर कामासाठी वापरण्यास केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. ती मिळवण्याची जबाबदारी करारात काम देणाऱ्याकडे असेल, तर त्या कारणाने अडलेले दिवस कंत्राटदाराच्या माथी मारता येत नाहीत.

## उदाहरण

आरमोरीजवळच्या नाल्यावरील लहान पुलाचे पुढील उदाहरण कल्पित आहे. मुदत १ नोव्हेंबर ते ३१ मे, म्हणजे २१२ दिवस. पाया ६० दिवस, खांब ७०, वरचा स्लॅब ६० आणि कठडे व किरकोळ कामे २२ दिवस, अशी ही एकामागून एक येणारी कामे आहेत. जोडरस्त्याचा ४० दिवसांचा भराव स्लॅबबरोबरच चालतो. म्हणजे त्यात २० दिवसांची सवड आहे. प्रत्यक्षात पूल १४ जुलैला, ४४ दिवस उशिरा पूर्ण झाला. नोंदी अशा होत्या :

* वनजमिनीच्या मान्यतेअभावी विभागाने जागेचा ताबा २४ दिवस उशिरा दिला.
* फेब्रुवारीत प्रशासनाने सुरक्षेसाठी वाहतूक बंद केल्याने काम ६ दिवस थांबले.
* विभागाच्या दिरंगाईमुळे भरावाचे काम १५ दिवस रखडले.
* मे महिन्यात मजूर तेंदूपानांसाठी गेल्याने स्लॅब १४ दिवस बंद राहिला.

भरावाचे १५ दिवस विभागामुळे गेले असले, तरी ते २० दिवसांच्या सवडीत सामावले आणि पूर्णत्वाची तारीख त्यामुळे हलली नाही. म्हणून ते मुदतवाढीच्या हिशेबात येत नाहीत. उरलेल्या ४४ दिवसांपैकी २४ + ६ = ३० दिवस क्षम्य आहेत; नवी मुदत ३० जून होते. शेवटचे १४ दिवस अक्षम्य राहतात.

करारात विलंबाची भरपाई दिवसाला २,००० रुपये असल्यास विभाग १४ दिवसांचे २८,००० रुपये कापू शकतो. विभागणी न करता ४४ दिवस धरले असते, तर ही कपात ८८,००० रुपये झाली असती. ताब्याअभावी बसून राहिलेल्या यंत्रांचा व देखरेखीचा खर्च दिवसाला ३,००० रुपये सिद्ध झाल्यास २४ दिवसांचे ७२,००० रुपये कंत्राटदारास मिळू शकतात. त्यातून कपात वजा जाता त्याचे ४४,००० रुपये येणे निघते. ‘विलंबासाठी केवळ मुदतवाढ, पैसा नाही’ अशी अट करारात असेल, तर हे ७२,००० रुपये अडचणीत येतात.

## सूचना आणि नोंदी

कारण खरे असूनही दावा बहुधा कागदपत्रांअभावी फसतो. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदा नमुन्यातील कलम ६ नुसार अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा कामाची मुदत संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी असेल तोवर, कार्यकारी अभियंत्याकडे मुदतवाढीचा लेखी अर्ज करावा लागतो. काम संपल्यावर एकत्रित लिहिलेल्या अर्जापेक्षा त्या त्या दिवशीची कामाची नोंदवही, मजुरांची हजेरी आणि ताबापावती यांना अधिक वजन असते.

## न्यायालयीन दृष्टिकोन

हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात नाशिक डाव्या कालव्यावरील, आळंदी नदीवरच्या जलसेतूचे काम वादात होते. बारा महिन्यांची मुदत जुलै १९५६ मध्ये संपली आणि ऑगस्टमध्ये विभागाने करार रद्द केला. करारात मुदतवाढीची आणि विलंबाबद्दल दैनिक भरपाईची तरतूद असल्याने केवळ तारीख उलटली एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही, त्याआधी नोटीस देऊन वाजवी नवी मुदत ठरवायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरवले. या निर्णयाने विलंब आपोआप क्षम्य ठरत नाही. अक्षम्य दिवसांची भरपाई भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार मागता येते. मात्र ती वाजवी असावी लागते आणि करारातील रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते.