पर्याय इतके जवळ का असतात?

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ४०० किलोमीटर उंचीवर एक उपग्रह वर्तुळाकार कक्षेत फिरतो आहे. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर आणि g चे मूल्य ९.८ धरा. उपग्रहाचा वेग सेकंदाला किती किलोमीटर? पर्याय चार: ८.१६, ७.९२, ७.६८ आणि ७.४५.

नीट, जेईई मेन किंवा आपल्याकडची एमएचटी-सीईटी, यांपैकी कुठेही कॅल्क्युलेटर नेता येत नाही. त्यामुळे असे पर्याय पाहिले की मुलांना वाटते, पेपर काढणाऱ्याने वर्गमूळ काढण्याची परीक्षा घ्यायची ठरवली आहे. मग कागदाच्या कोपऱ्यात दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत भागाकार सुरू होतो. खरे तर या चार आकड्यांतला एकही सहज म्हणून टाकलेला नाही. तीन चुकीच्या उत्तरांमागे सूत्र वापरण्याच्या तीन ठरावीक चुका आहेत.

आधी बरोबर वाट पाहू. उपग्रहाला वर्तुळात फिरत ठेवणारे बल म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. त्यावरून v² = GM/r मिळते. इथे r म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर, म्हणजे ६४०० अधिक ४००, एकूण ६८०० किलोमीटर. प्रश्नात G आणि M दिलेले नाहीत, पण GM = gR² हे माहीत असल्यामुळे त्यांच्यावाचून अडत नाही. म्हणजे v² = gR²/r. हेच थोडे वेगळे मांडले तर वेग = √(gR) × √(R/r). यातला पहिला भाग जमिनीला लगटून फिरणाऱ्या काल्पनिक उपग्रहाचा वेग, ७.९२. दुसरा भाग उंचीमुळे होणारी घट. R/r म्हणजे ६४००/६८००, म्हणजेच १६/१७. त्याचे वर्गमूळ सुमारे ०.९७. गुणाकार ७.६८. उत्तर तिसरा पर्याय.

आता बाकीचे तीन. ज्याने उंची विचारातच घेतली नाही, त्याला ७.९२ मिळते. ज्याने √(gR) मध्ये R च्या जागी ६८०० घातले पण g मात्र ९.८ च ठेवला, त्याला ८.१६ मिळते. ९.८ हे मूल्य जमिनीवरचे आहे, ४०० किलोमीटरवर g साधारण ८.७ इतका उतरतो. ज्याला हे आठवले आणि ज्याने g बदलला, पण त्या गडबडीत त्रिज्या ६४०० च राहू दिली, त्याला ७.४५. अर्धवट आठवलेली गोष्ट कधी कधी पूर्ण विसरण्याहून जास्त दगा देते, ती अशी.

गंमत पुढे आहे. ८.१६ ला ०.९७ ने गुणा, ७.९२ येते. त्याला पुन्हा ०.९७ ने गुणा, ७.६८ येते. आणखी एकदा गुणले की ७.४५. चारही पर्याय एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीची उंची आहे √(R/r). म्हणून ‘०.९७ ने किती वेळा गुणायचे?’ एवढे कळले की उत्तर सापडते. एकदा गुणायचे. आकडेमोड त्यानंतरची.

तीही फार कठीण नाही. १६/१७ म्हणजे १ मधून १/१७ वजा. वर्गमूळ घेतले की लहान फरक निम्मा होतो, म्हणून सुमारे १ वजा १/३४. ७.९२ चा चौतिसावा भाग साधारण ०.२३. वजा केला की ७.६९. नेमके उत्तर ७.६८ असले तरी शेजारचे पर्याय ०.२३-०.२४ च्या अंतरावर आहेत, त्यामुळे शंका उरत नाही.

सवयीने g = १० धरणाऱ्यांचे काय? ९.८ आणि १० मध्ये दोन टक्क्यांचा फरक आहे, पण g वर्गमुळाच्या आत असल्याने वेगात तो एक टक्काच उरतो. ४०० किलोमीटरच्या प्रश्नात पर्यायांमधले अंतर तीन टक्के आहे. १० धरून ७.७६ आले तरी सर्वांत जवळचा पर्याय ७.६८ च राहतो.

उंची २०० किलोमीटर केली की मात्र हा आधार जातो. आता पायरी दीड टक्क्याचीच उरते आणि पर्याय होतात ८.०४, ७.९२, ७.८० आणि ७.६८. बरोबर उत्तर ७.८०. मघाशी बरोबर असलेले ७.६८ इथे चुकीच्या यादीत आले आहे, हे पाहून ठेवावे. g = १० धरणाऱ्याचे उत्तर येते ७.८८. ते ७.८० पेक्षा ७.९२ ला जवळ आहे! सूत्र बरोबर, पद्धत बरोबर, आणि गुण मात्र उंची विसरणाऱ्याइतकेच. नीटमध्ये तर चार गुण जातात आणि वर एक कापला जातो. म्हणून आकडेमोडीला हात घालण्याआधी शेजारच्या दोन पर्यायांत किती टक्क्यांचा फरक आहे ते पाहावे. आपण केलेली ढिलाई त्याच्या निम्म्याहून कमी असेल तरच ती चालते. पेपरातच g = १० दिला असेल तर अर्थात १० च घ्यायचा, तिथे ९.८ चा आग्रह धरणारा फसतो.

मुक्तिवेगाच्या प्रश्नांतही हाच खेळ असतो. कोणत्याही अंतरावर मुक्तिवेग तिथल्या वर्तुळाकार कक्षेतल्या वेगाच्या √२ पट असतो. जमिनीवर ७.९२ च्या १.४१४ पट, म्हणून ११.२. मग विचारतात, ४०० किलोमीटरवरच्या उपग्रहाला पृथ्वीच्या पकडीतून सोडवायचे तर वेग आणखी किती वाढवावा लागेल? ११.२ मधून ७.६८ वजा करून ३.५२ लिहिणारे पुष्कळ निघतात. पण ११.२ हा जमिनीवरचा मुक्तिवेग आहे, आणि उपग्रह आधीच वर पोहोचलेला आहे. तिथला मुक्तिवेग १०.८७. उत्तर म्हणजे ७.६८ च्या ०.४१४ पट, ३.१८. पर्यायांत ३.२८ सुद्धा ठेवलेले असते, ते ७.९२ च्या ०.४१४ पट आहे. दोन्ही वेग एकाच जागेचे आहेत ना, एवढे तपासले की ३.५२ बाद होते. ती जागा उपग्रहाचीच आहे ना, हे तपासले की ३.२८ ही जाते.

हाच प्रश्न टक्केवारीत विचारला तर उंचीशी काही संबंधच उरत नाही. वेग ४१.४ टक्के वाढवावा लागतो, कक्षा कुठलीही असो. मात्र ‘गतिज ऊर्जा किती टक्के वाढवावी लागेल’ असे विचारले तर उत्तर १०० टक्के, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. दोन्ही आकडे एकाच पर्याययादीत शेजारी ठेवलेले सापडतात, आणि घाईत वाचणाऱ्याला ‘वेग’ आणि ‘ऊर्जा’ यांतला फरक दिसतच नाही.

४०० किलोमीटर ही उंची पेपर काढणाऱ्यांना आवडते, कारण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण तेवढ्याच उंचीवर फिरते. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून अचूक हिशेब केला तर त्या उंचीवर वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर येतो. परीक्षेतल्या ६४०० च्या गोल आकड्यावरून मिळालेल्या ७.६८ शी त्याचा फरक सेकंदाला दहा मीटरच्या आसपास आहे.