तीन रकाने आणि एक चोपण रान

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या तळातून एक गठ्ठा निघाला. 2015 ते 2024 या काळात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मुलामुलींनी परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लिहिलेले खर्डे, आणि प्रत्येकाला टाचणीनं लावलेला माझा गुणतक्ता. विद्यापीठं या लेखनाला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात, मुलं एसओपी म्हणतात. मी इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे तपासायला ती माझ्याकडे येत. पुढे मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडमही सोबत बसू लागल्या. गठ्ठा उपसताना लक्षात आलं की मुलांच्या लेखनापेक्षा आमच्या गुण देण्यातच जास्त बदल झाला आहे.

सुरुवातीचा तक्ता शंभर गुणांचा होता. आठ रकाने: व्याकरण, शब्दसंपत्ती, सुरुवात, शेवट, परिच्छेदांची मांडणी वगैरे. 2016 सालच्या एका खर्ड्यावर मी ब्याऐंशी गुण लिहिलेत. परवा तो पुन्हा वाचला. इंग्रजी निर्दोष आहे, पण त्या मुलीला नेमकं काय शिकायचं होतं हे मला दोनदा वाचूनही सांगता आलं नाही. आठपैकी पाच रकाने इंग्रजीचेच होते. मला जे येत होतं तेच मी मोजत होतो.

2018 मध्ये मॅडमच्या आग्रहानं ते सगळं रद्द झालं आणि तीन रकाने उरले: रोख, जुळणी आणि स्वतःचा आवाज. प्रत्येकाला शून्य ते पाच. बेरीज करायची नाही, हा नियमही त्यांचाच. रोखाला पाच, आवाजाला पाच आणि जुळणीला शून्य मिळालं तरी बेरीज दहा होते, आणि तीन-तीन-चार मिळालं तरीही दहाच. पण पहिला खर्डा वाचणाऱ्याला ‘हा आमच्याकडेच का येतोय’ हे शेवटपर्यंत कळत नाही. बेरजेत ते भोक झाकलं जातं. म्हणून सर्वांत कमी गुणाचा रकाना आधी पाहायचा आणि दुरुस्ती तिथून सुरू करायची.

या तक्त्याची खरी परीक्षा 2019 मध्ये झाली. इंदापूर तालुक्यातला, नीरेच्या काठच्या गावातला मुलगा, कृषी पदवीधर. पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती: लहानपणापासून मला शेतीची ओढ आहे, भारत हा कृषिप्रधान देश आहे, आणि आमच्या भागातली नापीक जमीन सुधारण्यासाठी आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठातल्या जागतिक दर्जाच्या प्राध्यापकांचं मार्गदर्शन मला हवं आहे. खाली संकेतस्थळावरून उतरवलेली दोन प्राध्यापकांची नावं. मधल्या एका परिच्छेदात वडिलांचं कर्ज आणि आईचे कष्ट.

रोखाला मी चार दिले, कारण सगळा खर्डा जमिनीभोवतीच फिरत होता. मॅडमनी एक दिला. एवढा फरक आम्हा दोघांत तोवर पडला नव्हता. त्या म्हणाल्या, “भांडू नका. याला काय शिकायचंय ते एका वाक्यात समासात लिहा.” मी लिहिलं, ‘नापीक जमीन सुधारणे’. त्यांनी लिहिलं, ‘क्षार की सोडियम? कळत नाही’. तेव्हापासूनचा नियम असा: दोन वाचकांची समासातली वाक्यं जुळली नाहीत, तर रोखाला दोनच्या वर गुण नाहीत. आणि गुणांत दोन किंवा अधिक फरक पडला, तर दोघांनी आपापलं बोट ओळीवर ठेवून दाखवायचं. ज्या गुणाखाली ओळ सापडत नाही तो गुण खोडायचा.

मग मॅडमनी मुलाला समोर बसवलं. खर्डा उलटा ठेवला आणि विचारलं, “रानाला काय झालंय, सांग बरं.” तो म्हणाला, “मॅडम, आमचं रान चोपण झालंय.” हा शब्द खर्ड्यात कुठंच नव्हता. इंग्रजीत नेताना त्यानं त्याचं ‘नापीक’ करून टाकलं होतं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे गुण या एका शब्दावर फिरले. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या दोन तालुक्यांना पाणी देतो आहे. काळ्या भारी जमिनीला वर्षानुवर्षं उसाचं पाणी आणि निचरा कमी, की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढते. ते पाणी वर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ही क्षारपड जमीन. चोपण म्हणजे वेगळं: तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू साधारणपणे साडेआठच्या वर जातो, माती घट्ट होते आणि पाणी वरच तुंबतं. जिप्सम चोपणाला लागू पडतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. नुसत्या क्षारपडीला जिप्समचा उपयोग नाही, तिथे चर किंवा पाइप घालून क्षार पाण्याबरोबर बाहेर काढावे लागतात. गावात मात्र दोन्हीला चोपणच म्हणतात.

मुलाच्या घरी दोन वर्षं जिप्सम टाकलं होतं. फरक पडला नव्हता. मे महिन्यात रान पांढरं पडत होतं. घरात माती परीक्षणाचा अहवाल होता: सामू 8.1, विद्युत वाहकता 2.1. पुस्तकात क्षारपड जमिनीची मर्यादा 4 दिलेली, म्हणून त्यानं ठरवून टाकलं होतं की क्षाराचा प्रश्न नाही. मॅडम हसल्या. 4 ही मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून वाहकता मोजतात. जास्त पाण्यात क्षार पातळ होतात, आकडा खाली येतो. त्या पद्धतीत 2.1 म्हणजे चांगलंच क्षारपड रान. सामूही चोपणाकडे बोट दाखवत नव्हता. म्हणजे दोन वर्षांचं जिप्सम चुकीच्या दुखण्याला गेलं होतं.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग सर, हेच लिहू का?”

दुसऱ्या खर्ड्याला त्यानं पाच आठवडे घेतले. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या रानांतून बारा नमुने काढले, कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन्ही पद्धतींनी मोजले आणि आकडे एकमेकांशी कसे जुळतात ते मांडलं. आता रोख एका वाक्यात समासात लिहिता येत होता, आणि आम्हा दोघांची वाक्यं सारखी निघाली: कालव्याखालच्या भारी काळ्या जमिनीतून क्षार बाहेर काढण्यासाठी निचरा कसा आखावा. दोघांचेही पाच.

जुळणीचा रकाना सर्वांत जास्त फसवतो. आमची कसोटी सोपी आहे: विद्यापीठाचं नाव बोटाखाली झाका आणि तिथे दुसरं घाला. वाक्य तसंच उभं राहिलं तर गुण शून्य. प्राध्यापकांची नावं उतरवली तर एक, कारण त्यात फक्त त्यांचं टोक आहे, आपलं नाही. गाठ दोन्ही टोकांना हवी: त्यांच्याकडे काय आहे, आपण काय केलंय आणि एकातून दुसऱ्यात काय जातंय. त्याच्या पाच अर्जांपैकी एक कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठाला होता. अमेरिकेच्या कृषी खात्याची क्षारविषयक प्रयोगशाळा त्याच गावात आहे. 1954 साली या प्रयोगशाळेतून निघालेलं कृषी पुस्तिका क्रमांक 60 हे पुस्तक क्षारपड जमिनीच्या मोजणीसाठी अजूनही जगभर हाताशी धरतात. ही 4 ची मर्यादा त्यातलीच. मुलानं लिहिलं की तुमच्या गावात ठरलेल्या मापानं मी माझं रान मोजलं आणि माझा चुकीचा समज दुरुस्त झाला, पुढचा प्रश्न निचऱ्याचा आहे. ही ओळ दुसऱ्या विद्यापीठाला लावता येत नाही. तरीही मॅडमनी चारच दिले. जमिनीतल्या पाण्याच्या हालचालीचं गणित त्याला येत नव्हतं, आणि ते कोणत्या अभ्यासक्रमात शिकणार हे त्यानं लिहिलं नव्हतं.

आवाजाच्या रकान्यात चूक माझी होती. मुलानं इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं लिहिली होती. मराठीत सांगायचं तर अशी: मे महिन्यात आमचं रान चुना टाकल्यासारखं दिसतं. चुना आम्ही टाकलेला नाही. जिप्सम टाकलं होतं. दोन वर्षं. मी लाल पेनानं त्या चारांचं एक लांब, भारदस्त वाक्य केलं. मॅडमनी दोन्ही प्रती नावं झाकून वाचल्या आणि त्याच्या प्रतीला पाच, माझ्या दुरुस्त प्रतीला दोन दिले. मग मी 2017 चे खर्डे काढून पाहिले. तीन वेगळ्या मुलांचे तीन खर्डे, आणि तिन्ही माझ्यासारखे बोलत होते.

कर्जाचा परिच्छेद काढायला मुलगा तयार नव्हता. आपल्याकडे हालअपेष्टा म्हणजेच खरेपणा अशी समजूत पक्की आहे, आणि ती वाचकाला नकळत गुण वाढवायला लावते. बर्कलेचं विद्यापीठ दोन लेख वेगवेगळे मागतं: एकात अभ्यासाचा हेतू, दुसऱ्यात आपण कुठून, कसे आलो ते. जिथे दुसरा लेख मागतात तिथे कर्ज तिकडे जावं. एकच लेख असेल तर कर्जाची एक ओळ पुरते, आणि तीही रानाशी जोडलेली. आवाज म्हणजे दुःख नव्हे. त्यानं स्वतः पाहिलेलं, दुसऱ्या कुणाला लिहिता न येणारं ते आवाज. तपासायचं तर खर्डा उलटा ठेवून कुठल्याही एका वाक्यावर तीन मिनिटं बोलायला लावतो. आपलं वाक्य असेल तर मूल थांबत नाही. तयार नमुन्यातून उचललेलं असेल तर तेच वाक्य पुन्हा म्हणतं.

2021 मध्ये आम्ही स्वतःलाही तपासलं. सहा महिन्यांपूर्वीचे खर्डे, जुने गुण झाकून, पुन्हा वाचले. रोखाचे गुण क्वचितच हलले, आवाजाचे मात्र निम्म्याहून जास्त ठिकाणी एकानं खाली-वर झाले. त्यामुळे आवाजाला आता सहा पायऱ्या नाहीत, तीनच आहेत: उसना, मिसळलेला, स्वतःचा. जे आपल्याला बारीक मोजता येत नाही ते बारीक मोजल्याचा देखावा करू नये, एवढंच.

त्या मुलाचे पाच अर्ज गेले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. नकाराची कारणं कुणी कळवत नाही. प्रवेश समिती गुणपत्रक पाहते, शिफारसपत्रं पाहते, पैसे आणि मार्गदर्शकाकडची जागा पाहते. आमचे तीन रकाने त्यातलं काहीच सांगत नाहीत, आणि ज्याला तीनही रकान्यांत उत्तम गुण पडले त्यालाही सगळीकडून नकार आल्याची उदाहरणं या गठ्ठ्यात आहेत.

यंदाही डिसेंबरच्या अर्जांसाठी आम्ही रविवारी सकाळी बसतो आहोत. पहिला खर्डा मराठीत आणलात तरी चालेल. लाल पेन आता मॅडमकडे असतं.